इथल्या इथे जायचंय ना?

आमच्या भागातल्या माझ्या एका सायकलवाल्या मित्रानं दुकानाच्या नव्या पाटीसाठी माझ्याकडे एक ओळ मागितली. "ताई, तुम्ही जाहिरातीच लिहिता ना, मग एक टॅगलाइन द्या. लोकांनी रोजच्या जवळच्या कामांना सायकल काढली पाहिजे, असं काहीतरी." बिलबुकाच्या मागच्या पानावर त्यानं स्वतःच्या तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या. 'सायकल चालवा, पर्यावरण वाचवा.' 'फिट पुणेकर, हिट पुणेकर.' आणि तिसरी, त्याची लाडकी: 'चला, पुन्हा सायकलींचं पुणं घडवू या.'

मी तिन्ही खोडल्या. का खोडल्या हे त्याला सांगताना असं लक्षात आलं, की हा फक्त पाटीचा प्रश्न नाही. महापालिका, शाळा, कंपन्या, रविवारी सकाळी टी-शर्ट घालून निघणाऱ्या सायकल फेऱ्या, सगळे गेली कित्येक वर्षं याच तीन ओळी आलटून पालटून म्हणत आले आहेत. सोमवारी सकाळी मात्र दूध आणायलाही स्कूटरच निघते.

पर्यावरणाची ओळ खोटी नाही. पण सकाळी सव्वानऊला जिन्यातून उतरताना माणूस पर्यावरणाचा विचार करत नसतो. किल्ली कुठे आहे आणि उशीर होईल का, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. तब्येतीच्या ओळीचं वेगळंच होतं. ती सायकलीला व्यायामाच्या खात्यात टाकते आणि व्यायाम आपल्याकडे उद्यापासून सुरू होतो. शिवाय व्यायाम म्हटलं की घाम आला, आणि घाम म्हटलं की ऑफिसला सायकल बाद.

तिसऱ्या ओळीशी मात्र मला थोडं भांडायचं आहे, कारण ती ऐकून पुणेकरांचे डोळे पाणावतात. एके काळी पुणं सायकलींचं शहर होतं हे खरंच आहे. खडकीच्या कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, तासावर भाड्यानं सायकल देणारी दुकानं पेठोपेठी होती, आणि माझ्या मित्राच्या वडिलांचं दुकान त्यांतलंच एक. पण ते लोक सायकलीवर प्रेम होतं म्हणून सायकल चालवत होते का? बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, तो हा काळ. 1972मध्ये लूना आली. पायडल असलेली, पण पाय न मारता जाणारी. पुढे स्कूटरही दुकानात गेल्या गेल्या मिळू लागली आणि सायकली जिन्याखाली गेल्या. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना सायकल म्हणजे पैसे नसतानाची गोष्ट वाटते. त्यांच्या मुलांना 'पुन्हा तसं होऊ या' सांगून काय उपयोग?

मग पाटीवर लिहायचं काय? माझं मत असं, की रोजच्या वापराच्या सायकलीची ओळ स्कूटरच्या किल्लीशी थेट स्पर्धा करणारी हवी, आणि तीही सगळ्या प्रवासांसाठी नाही, एका ठरावीक अंतरासाठी. ते अंतर किती, हे आधी शोधायला हवं. कारण पाटीवर जे लिहू ते गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून तपासू शकतं. पुण्यात तर नक्कीच तपासेल.

म्हणून मीच आठवडाभर घड्याळ लावलं. घरातून बाहेर पडल्यापासून ते कामाच्या दारात उभं राहीपर्यंतचा सगळा वेळ, एकदा स्कूटरनं, एकदा सायकलनं. गर्दी नसताना स्कूटरला सिग्नल धरून किलोमीटरला साधारण तीन मिनिटं लागतात. सायकलला साडेचार. इथपर्यंत स्कूटर पुढे. पण स्कूटरची खरी चोरी दोन्ही टोकांना आहे. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर माझी स्कूटर काढायला आधी शेजाऱ्यांच्या दोन सरकवाव्या लागतात. मग हेल्मेट, मग पोचल्यावर जागा शोधणं, ती सापडली तर पी-वन आहे का पी-टू ते बघणं, आणि तिथून मागे चालत येणं. यात मिळून चार मिनिटं जातात. सायकलला कुलूप लावायला एक मिनिट पुरतं.

म्हणजे सायकल सुरुवातीलाच तीन मिनिटांनी पुढे असते आणि दर किलोमीटरला दीड मिनिटानं मागे पडत जाते. दोन किलोमीटरला दोघींची बरोबरी. तीन किलोमीटरला स्कूटर दीड मिनिट आधी पोचते, म्हणजे फरक आहे म्हणायलाही लाज वाटावी इतका. सहा किलोमीटरला मात्र सायकल सहा मिनिटं मागे असते आणि शर्ट भिजलेला असतो. संध्याकाळी साडेसहा ते आठमध्ये हे गणित बदलतं, कारण तेव्हा कर्वे रस्त्यावर स्कूटरलाही किलोमीटरला पाच मिनिटं लागतात आणि सायकलही जवळपास तेवढीच घेते. त्या वेळी चार किलोमीटरलाही सायकल आधी पोचते.

हा हिशोब माझ्या घरापासूनचा, डहाणूकर कॉलनीपासूनचा आहे. मोठ्या आवारात राहणाऱ्याचा, ज्याला स्कूटर दारातच लावता येते त्याचा वेगळा येईल. नारायण पेठेतल्या माणसाचा अजूनच वेगळा. लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला जाणाऱ्याची स्कूटर काढणं आणि जागा शोधणं यात मिळून दहा मिनिटं जातात, तिथं सायकलची बरोबरी दोन नाही, सहा किलोमीटरवर येईल. यातून एक गोष्ट उघड होते: सायकल जिंकते की हरते हे तिच्या वेगापेक्षा स्कूटर लावायला जागा किती सहज मिळते यावर ठरतं. रस्त्यावर फुकट गाडी लावायची मुभा आहे तोवर सायकलीची जाहिरात करणाऱ्याचा एक हात बांधलेलाच आहे. 2018मध्ये महापालिकेनं पार्किंग धोरण मंजूर केलं तेव्हा शहरभर केवढी ओरड झाली ते आठवत असेलच.

चढाचंही बघायला हवं. कोथरूडहून नळ स्टॉपकडे जाताना हलका उतार आहे. सकाळी ऑफिसला घाम न येता पोचता येतं आणि जो काय घाम यायचा तो संध्याकाळी घरी येताना, जिथं न्हाणीघर आपलंच असतं. पेठा सपाटच आहेत. पण हेच दुकान कात्रजला किंवा बावधनच्या चढावर असतं तर मी ही ओळ दिली नसती.

तर आकडा मिळाला: दोन-तीन किलोमीटर. पहिला मोह झाला तो आकडाच लिहायचा. 'तीन किलोमीटरच्या आत? सायकल काढा.' मित्राला आवडलीही. पण आपली रोजची कामं किती किलोमीटरवर आहेत हे कुणाला माहीत असतं? माझ्या मावशीला विचारलं, मंडई किती लांब? ती म्हणाली, "रिक्षाचं मीटर पडतं तेवढी." अंतर आपण किलोमीटरमध्ये बोलतच नाही. हाकेच्या अंतरावर, चार पावलांवर, गल्लीच्या तोंडाशी असं बोलतो.

आणि मग तो शब्द सापडला, तोही हेल्मेटच्या भांडणात. जानेवारी 2019मध्ये पोलिसांनी हेल्मेटची कारवाई जोरात केली होती, त्याविरुद्ध मोर्चे निघाले होते. तेव्हापासून आजपर्यंत पुण्यातल्या कोणत्याही चौकात अडवलेल्या माणसाचं पहिलं वाक्य एकच असतं: "अहो, इथल्या इथे तर चाललोय." घरातही तेच. "हेल्मेट?" "अगं, इथल्या इथे तर जायचंय." (हे कारण म्हणून पोकळ आहे, कारण आपलं निम्मं आयुष्य इथल्या इथे जाण्यातच जातं आणि डोकंही इथल्या इथेच फुटतं.) पण भाषा म्हणून बघा. पुणेकरानं आपल्या छोट्या प्रवासांना आधीच नाव देऊन ठेवलं आहे. भाजी, बँक, क्लासला मुलाला सोडणं, मेट्रो स्टेशन, औषधं, सगळं इथल्या इथे. आणि गंमत अशी, की आपण हा शब्द स्कूटर काढतानाच उच्चारतो. म्हणजे ज्या क्षणी निर्णय होतो, नेमक्या त्या क्षणी तो तोंडात असतो.

ओळ ठरली: 'इथल्या इथे जायचंय ना? मग सायकलनं.'

जाहिरातीच्या धंद्यात एवढी वर्षं काढल्यावर माझी एक समजूत पक्की झाली आहे. लोकांच्या तोंडात जी ओळ राहते ती बहुधा आधीच त्यांच्या तोंडात असते, लिहिणारा फक्त तिला गिऱ्हाईक मिळवून देतो. पीयूष पांडेंची 'चल मेरी लूना' घ्या. लाडक्या घोड्याला किंवा खेळण्यातल्या गाडीला आपण म्हणतो तेच ते वाक्य. 1989ची 'हमारा बजाज' घ्या. घरातल्या वस्तूबद्दल 'आपली' म्हणण्याची सवय, बस. सायकलीला मारणाऱ्या या दोन्ही गाड्या पुण्याच्याच आणि दोन्हींच्या ओळी इतक्या साध्या. 'पर्यावरण वाचवा' हे मात्र घरात कुणीच कुणाला म्हणत नाही. ते फळ्यावर लिहितात.

पाटीचं एवढ्यावर भागलं असतं. पण ओळ दिल्यावर मी दुकानात नजर फिरवली आणि वाटलं, ही पाटी या दुकानाशी खोटं बोलणार आहे. दर्शनी बाजूला उभ्या होत्या त्या सगळ्या एकवीस गिअरच्या, जाड टायरच्या, पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेल्या सायकली. मडगार्ड नाही, चेनला कव्हर नाही, कॅरिअर नाही, काहींना तर स्टँडही नाही. डोंगरातल्या पायवाटेसाठी काढलेली सायकल आणि तिच्यावर ओळ 'इथल्या इथे'! अशा सायकलीवरून पावसात बँकेत गेलेल्या माणसाच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा उठतो. ओढणी चेनमध्ये जाते, पँटचा उजवा पाय काळा होतो. कॅरिअर नाही म्हणून दप्तर पाठीवर, आणि पाठीवर दप्तर म्हणून घाम. सस्पेन्शन सायकल जड करतं आणि चढावर पायातला थोडा जोर स्वतःच गिळून टाकतं. गिऱ्हाईक महिनाभर प्रयत्न करतं आणि मग म्हणतं, सायकल काही आपल्याला जमत नाही. त्याला सायकल जमत नाही असं नसतं, ही सायकल त्या कामाची नसते.

इथल्या इथे जायला सरळ हँडलची, मडगार्ड-कॅरिअर-चेनकव्हर असलेली, घंटी आणि मागे लाल दिवा लावलेली, गिअर नसलेली किंवा मागे सहा-सात गिअर असलेली सायकल लागते. "ताई, ती पोरांना आवडत नाही," मित्र म्हणाला. खरं आहे. पण पाटी पोरांसाठी नाही. स्कूटरची किल्ली हातात घेऊन जिना उतरणाऱ्या चाळिशीच्या माणसासाठी आहे. शेवटी त्यानं तशा दोन सायकली पुढे ओढल्या, बाकीच्या जरा मागे. एवढंही पुष्कळ झालं.

त्याहून मोठा शत्रू वेगळाच आहे आणि त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. हवा. आमच्या सोसायटीत तळमजल्याच्या भिंतीला टेकून अकरा सायकली उभ्या आहेत. मी अंगठ्यानं टायर दाबत गेले. नऊ सायकलींत हवा नव्हती. त्या नऊ घरांतल्या माणसांनी सायकल सोडायचं ठरवलं असं नाही. एका सकाळी टायर बसलेला दिसला, वेळ नव्हता, स्कूटर काढली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सायकलीवर धूळ.

सायकलच्या ट्यूबमधून पंक्चर नसतानाही हवा हळूहळू झिरपते, कारण रबर पूर्ण हवाबंद नसतं. त्यातून सायकलच्या टायरमध्ये हवा कमी मावते पण दाबून भरावी लागते, त्यामुळे थोडी गेली तरी लगेच जाणवतं. स्कूटरवर महिनोन् महिने बघितलं नाही तरी चालून जातं, सायकलीला दहा-बारा दिवसांनी लागतेच. मधल्या टप्प्यावर, म्हणजे टायर बसलेला नाही पण मऊ झालाय अशा वेळी, सायकल जड चालते, मांड्या भरून येतात, आणि माणूस दोष स्वतःच्या वयाला देतो. खूण सोपी आहे: अंगठ्यानं जोरात दाबल्यावर टायर दबला तर हवा कमी. किती भरायची ते टायरच्या कडेवर पीएसआयमध्ये छापलेलं असतं, दीड इंची टायरला बहुतेक पन्नासच्या आसपास. नव्या सायकलींचा व्हॉल्व्ह मोटारीसारखाच असतो, त्यामुळे पंक्चरवाल्याकडे किंवा पेट्रोल पंपावर भरता येते. पण पंपावरचं यंत्र मोटारीच्या तीस-पस्तीसवर लावलेलं असतं, आपण आकडा सांगितला नाही तर तेवढीच भरली जाते आणि आपण समाधानानं मऊ टायर घेऊन घरी येतो. जुन्या काळ्या सायकलींना रबरी नळीचा व्हॉल्व्ह, त्यांना हातपंपच लागतो.

दुसरं असंच न बोललं जाणारं दुखणं सीटचं. पुष्कळ जण सीट इतकी खाली ठेवतात की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. धीर येतो हे खरं, पण गुडघा पूर्ण उघडतच नाही आणि परतीच्या चढाला दुखू लागतो. पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, एवढीच सीट वर. दुकानदारानं सायकल देताना हे एक मिनिट दिलं, तर टॅगलाइनपेक्षा जास्त सायकली रस्त्यावर टिकतील असं माझं मत आहे, आणि ते मी धंद्याच्या विरोधात जाऊन सांगते आहे.

आता तो आक्षेप, जो ही ओळ वाचून प्रत्येकानं मनात घेतलाच असेल. आधी रस्ते नीट करा, मग सायकली काढायला सांगा. पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा 2017च्या डिसेंबरात मंजूर झाला. त्याच सुमाराला ॲपवर भाड्यानं मिळणाऱ्या सायकली आल्या, पिवळ्या, नारंगी, हिरव्या, आणि बहुतेक दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. ट्रॅक म्हणाल तर फुटपाथच्या कडेला पेव्हर ब्लॉकचा एक पट्टा, मध्येच विजेची डीपी, पुढे पाणीपुरीची गाडी, आणि चौक आला की पट्टा संपतो. जिथं सर्वांत जास्त गरज तिथंच संपतो. यावर राग येणं रास्त आहे.

पण इथल्या इथे जाणारी सायकल या ट्रॅकवरून जातच नाही. डहाणूकर कॉलनीतून नळ स्टॉपला जाताना मी मयूर कॉलनीच्या आतल्या रस्त्यांनी जाते. मोटारी तिथंही आहेत, पण त्या हळू आहेत. भीती असते ती कर्वे रस्त्याला येऊन मिळण्याची आणि मोठा चौक ओलांडण्याची. उड्डाणपुलावरून उतरणाऱ्या गाड्या जिथं खालच्या रस्त्याला मिसळतात तिथं सायकलवाल्याला कुणी बघत नाही. मी सरळ उतरते आणि झेब्रावरून सायकल हातात धरून चालत जाते. बसच्या डाव्या बाजूनं कधी घुसत नाही. उभ्या मोटारींपासून एका दाराएवढं अंतर ठेवते, कारण मागे न बघता दार उघडणं हा आपल्याकडचा रिवाज आहे. यात एक-दोन मिनिटं जातात, ती मी वरच्या हिशोबात धरली आहेत. दहा वर्षांच्या मुलाला मी तरीही एकटं पाठवणार नाही, आणि म्हणून पाटीवर 'सुरक्षित' हा शब्द मी येऊ दिला नाही. तो शब्द देणं दुकानदाराच्या हातात नाही, महापालिकेच्या आहे.

आणि महापालिकेकडे मागायचंच असेल तर मी आणखी लांबलचक पट्टे मागणार नाही. चौक मागेन, आणि सायकल बांधायला जागा. भाजी मंडईपाशी, बँकेपाशी, मेट्रोच्या प्रत्येक जिन्याशी जमिनीत पुरलेला उलट्या यू आकाराचा लोखंडी पाइप, ज्याला सायकलीचा सांगाडा बांधता येतो. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. दोन किलोमीटर ट्रॅकच्या खर्चात असे पाइप सगळ्या कोथरूडला पुरतील, आणि त्यांच्यावर पाणीपुरीची गाडी लावता येत नाही.

पाटी लागली. रंगाऱ्यानं 'सायकलनं'वरचा अनुस्वार खाल्ला होता, तो दुसऱ्या दिवशी घालून घेतला. पाटीखाली मित्रानं साखळीला बांधून एक हातपंप ठेवला आणि शेजारी खडूनं लिहिलं, 'हवा फुकट'. हे मात्र त्याचं स्वतःचं, मी सुचवलेलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात नवीन सायकल एकही गेली नाही. जुन्या सायकली ढकलत आणणारे मात्र रोज चार-पाच जण येतात. त्यातले आमच्या सोसायटीतले तीन.